एका तालमीत बसणारी नाटिका : ‘खारट सरबत’

सोसायटीचा गणेशोत्सव असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो किंवा इंदूर-बडोद्याच्या महाराष्ट्र मंडळाचा एखादा कार्यक्रम असो, पत्रिकेत ‘छोट्यांची नाटिका’ हे शब्द छापून येतात तेव्हा बहुतेक वेळा ती नाटिका कोणी निवडलेलीही नसते. मग घाईघाईने संहिता शोधली जाते. मुलांच्या परीक्षा, क्लास, पाहुणे आणि पाऊस यांतून वाट काढता काढता हाती उरते ती एकच तालीम, बहुधा आदल्या दिवशीची. विषय मात्र ठरलेला असतो : खरे बोलावे.

एका तालमीत नाटिका बसू शकते. पण त्यासाठी ती तशी लिहिलेली असावी लागते. मोठ्यांसाठी लिहिलेली संहिता कापून-छाटून छोटी केली तर ती आठ वर्षांच्या मुलांना झेपत नाही. मराठीत बालनाट्याची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केले आणि मुलांसाठीही नेपथ्य-प्रकाशयोजनेसह साग्रसंगीत नाटक करता येते हे दाखवून दिले. पण ती नाटके मुलांसाठी होती. इथे प्रश्न वेगळा आहे. इथे करणारीही मुलेच आहेत, तिसरीतली, आणि त्यांच्याजवळ दोन तास आहेत.

लाकूडतोड्याची अडचण

खरेपणावरची नाटिका म्हटले की पहिली आठवते ती लाकूडतोड्याची गोष्ट. कुऱ्हाड नदीत पडते, देवता सोन्याची कुऱ्हाड दाखवते, तो ‘ही माझी नाही’ म्हणतो आणि तिन्ही कुऱ्हाडी मिळवतो. गोष्ट गोड आहे, पण रंगमंचावर तिच्या तीन अडचणी होतात. पहिली म्हणजे तिच्यात बोलणारी पात्रे दोनच. उरलेल्या बारा मुलांना झाडे व्हावे लागते, आणि झाड झालेले मूल तिसऱ्या मिनिटाला शेजारच्या झाडाला चिमटा काढते. दुसरी म्हणजे लाकूडतोड्याला खरे बोलणे जड गेल्याचे दिसतच नाही. मनात काही घालमेल नाही, तर नाटक कशाचे? तिसरी अडचण शेवटाची. खरे बोलल्याबद्दल सोने मिळते, हे पाहून मुलांच्या लक्षात सोने राहते.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे ‘लांडगा आला रे आला’. हिच्यात मुले गोळा होतात, आरडाओरडा होतो, मजा येते. पण खोटे बोलणाऱ्याची फजिती दाखवून मुले खरे बोलू लागतात का? याचे उत्तर कॅनडातील संशोधकांनी शोधले आहे. कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३ ते ७ वर्षांची २६८ मुले होती. मुलाच्या पाठीमागे एक खेळणे ठेवून, ‘मी येईपर्यंत वळून बघू नकोस’ असे सांगून मोठे माणूस खोलीबाहेर जात असे. परत आल्यावर मुलाला एक गोष्ट वाचून दाखवली जाई आणि मग विचारले जाई, तू वळून बघितलेस का? लांडग्याची गोष्ट किंवा खोटे बोलल्यावर नाक वाढणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकलेली मुले, ससा-कासवाची गोष्ट ऐकलेल्या मुलांपेक्षा अधिक खरे बोलली नाहीत. फरक पडला तो एकाच गोष्टीने. चेरीचे झाड तोडल्याचे छोटा जॉर्ज वॉशिंग्टन वडिलांपाशी कबूल करतो आणि वडिलांना त्याच्या खरेपणाचे समाधान वाटते, ती गोष्ट. तिचाच शेवट बदलून, जॉर्ज खोटे बोलतो आणि त्याला शिक्षा होते असा केला, तेव्हा तो परिणाम नाहीसा झाला.

ही मुले आपल्या तिसरीतल्या मुलांपेक्षा थोडी लहान होती. पण नाटिका लिहिणाऱ्याला त्यातून एक धागा मिळतो. खोटे बोलणाऱ्याला शिक्षा दाखवण्यापेक्षा, खरे बोलल्यावर पुढे काय होते ते दाखवावे. आणि ते सोन्याच्या कुऱ्हाडीसारखे आकाशातून पडलेले नसावे, खरे बोलण्यातूनच आलेले असावे.

खाली दिलेल्या ‘खारट सरबत’ या नाटिकेत तसे होते. शाळेच्या आनंदमेळाव्यात मुलांनी सरबताचे दुकान मांडले आहे. राघवच्या हातून साखरेऐवजी मीठ पडते आणि आळ जुईवर येतो. राघव गप्प राहिला तर सगळे सरबत मोरीत जाणार, कारण त्यात काय आणि किती पडले हे कोणालाच ठाऊक नाही. तो बोलला तरच ते दुरुस्त होऊ शकते.

तयारी काय लागते?

एक टेबल, एक रिकामी कळशी, एक मोठा चमचा, चार रिकामे पेले, झाकणाचे दोन सारखे डबे. पाणी अजिबात घ्यायचे नाही. सांडलेल्या पाण्यावर पहिले पात्र घसरते आणि नाटक तिथेच संपते. एका डब्यावर लाल कागद लावून ‘साखर’, दुसऱ्यावर निळा कागद लावून ‘मीठ’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. अक्षरांची बाजू प्रेक्षकांकडे ठेवावी. राघव टेबलामागे उभा असतो, त्याला अक्षरे दिसत नाहीत. प्रेक्षकांना मात्र त्याचा हात मिठाकडे जाताना दिसतो, आणि पुढच्या रांगेतली मुले ‘मीठ, मीठ!’ म्हणून ओरडतात. ओरडू द्यावे. राघवने ऐकू न आल्यासारखे करायचे.

मुले पंधरा. दोन सूत्रधार, दुकानातली चार, गिऱ्हाइके तीन आणि मनाचे आवाज सहा. मुले नऊच असतील तर सूत्रधार आणि गिऱ्हाइके यांनीच मनाचे आवाज व्हावे. बाईंचे काम मुलाला देऊ नये. ते तालीम घेणाऱ्या ताईने, आईने किंवा शिक्षकाने स्वतः करावे. का, ते नंतर.

खारट सरबत

(टेबलामागे मुक्ता, राघव, जुई, समीर. डावीकडे दोन्ही सूत्रधार वही हातात घेऊन. मागे दोन्ही बाजूंना मनाचे आवाज, तीन-तीन. गिऱ्हाइके उजवीकडे खाली बसलेली.)

सूत्रधार १ : नमस्कार! आज आमच्या शाळेत आनंदमेळावा आहे.

सूत्रधार २ : तिसरीच्या मुलांनी सरबताचं दुकान मांडलंय.

सगळे (टाळ्यांच्या ठेक्यावर) :
सरबत घ्या हो, सरबत घ्या!
उन्हातून आलात, बसून घ्या!
दहा रुपयांत एकच पेला,
पिऊन बघा, जीव निवाला!

मुक्ता : चला, कामं वाटून घेऊ. समीर, तू लिंबं पीळ.

समीर : पिळली! (हात झटकतो.) डोळ्यांत उडालं!

मुक्ता : जुई, तू चिमूटभर मीठ टाक.

जुई (निळ्या डब्यातून चिमूट घेऊन कळशीत टाकते) : चिमूटभर. बस्स.

मुक्ता : राघव, तू दहा चमचे साखर टाक. साखर लाल डब्यात आहे.

राघव : हो, हो.

समीर (वर बोट दाखवून) : राघव, बघ! केवढा मोठा पतंग!

(सगळे वर बघतात. राघव वर बघत बघतच निळा डबा उघडतो.)

राघव (वर बघत, चमचे टाकत) : एक... दोन...

मुक्ता : राघव, गिऱ्हाईक आलं!

(राघव पटकन डबा बंद करतो. आजोबा काठी टेकत येतात.)

आजोबा : एक पेला द्या बरं. फार ऊन आहे.

(मुक्ता पेला देते. आजोबा पितात, थांबतात, तोंड वाकडे करतात.)

आजोबा : थू! थू! थू!

सगळे : काय झालं?

आजोबा : हे सरबत आहे की समुद्र?

(आजोबा बाजूला जाऊन उभे राहतात. मावशी येतात.)

मावशी : मला एक पेला. (पितात.) अगं बाई गं! थू! थू! थू!

सगळे : काय झालं?

मावशी : यात मासे सोडा मासे!

(मावशी आजोबांशेजारी उभ्या राहतात. पोस्टमनकाका येतात.)

पोस्टमन : पत्र नंतर, सरबत आधी! (पितो.) थू! थू! थू!

सगळे : काय झालं?

पोस्टमन : खारट! खारट! खारट!

(राघव चमचा चाटून बघतो. दचकतो. दोन पावले पुढे येतो.)

राघव (प्रेक्षकांना) : अरे बापरे! मी मीठ टाकलं!

समीर : मीठ कोणाचं काम होतं?

मुक्ता : मीठ? मीठ जुईचं काम होतं!

जुई : मी चिमूटभरच टाकलं!

समीर : मग एवढं खारट कसं झालं?

मुक्ता : जुई, तूच जास्त टाकलंस!

जुई : नाही! मी नाही! (तोंड झाकून खाली बसते.)

सूत्रधार १ : जुई रडायला लागली.

सूत्रधार २ : आणि राघवच्या मनात दोन आवाज भांडायला लागले.

(राघव मधोमध. बाकीचे स्तब्ध.)

उजवे आवाज : गप्प बस! कोणी नाही पाहिलं!

डावे आवाज : सांग ना! जुई रडते आहे!

उजवे आवाज : गप्प बस! सगळे हसतील!

डावे आवाज : सांग ना! तिने नाही केलं!

उजवे आवाज : गप्प बस!

डावे आवाज : सांग ना!

(सूत्रधार १ एक जोरात टाळी वाजवतो. सगळे शांत. बाई येतात.)

बाई : काय झालं रे? सगळे असे का उभे आहात?

मुक्ता : बाई, सरबत खारट झालं.

बाई : यात काय पडलंय? किती पडलंय?

मुक्ता आणि समीर : माहीत नाही.

बाई : माहीत नसेल तर लोकांना कसं द्यायचं? ओतून टाकू या का सगळं?

(बाई कळशी उचलतात. दोन पावले जातात.)

राघव : बाई, थांबा!

(बाई थांबतात. सगळे राघवकडे बघतात.)

राघव : मी टाकलं मीठ.

सगळे : राघव?

राघव : मी पतंग बघत होतो. डबा चुकला.

बाई : किती चमचे टाकलेस?

राघव : दोनच. मग आजोबा आले.

मुक्ता (मोजत) : दोन चमचे मीठ... म्हणजे साखर पडलीच नाही!

समीर : दोनच चमचे? मग वाचेल की!

बाई : कसं वाचेल?

समीर : आणखी पाणी!

मुक्ता : आणखी लिंबं!

राघव : आणि साखर! (लाल डबा फिरवून अक्षरे वाचतो.) सा-ख-र!

बाई : राघव, तू सांगितलंस म्हणून कळलं. मला बरं वाटलं.

(राघव जुईजवळ जाऊन बसतो.)

राघव : जुई, तुझं नाव आलं तेव्हा मी गप्प बसलो. चुकलं माझं.

मुक्ता : आणि मी न बघताच तुझं नाव घेतलं.

जुई (डोळे पुसत उठते) : बरं. पण आता सगळी लिंबं राघवने पिळायची!

(सगळे हसतात. राघव लिंबे पिळतो, साखर टाकतो. सगळे मोजतात.)

सगळे : एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा!

राघव (पेला पुढे करून) : आजोबा, पुन्हा पिऊन बघता? हे फुकट.

(आजोबा घाबरत घाबरत पितात. सगळे श्वास रोखून बघतात.)

आजोबा : अं... अं... (थांबून) आणखी एक!

मावशी आणि पोस्टमन : आम्हालाही! आम्हालाही!

सगळे (टाळ्यांच्या ठेक्यावर) :
सरबत घ्या हो, सरबत घ्या!
उन्हातून आलात, बसून घ्या!
दहा रुपयांत एकच पेला,
पिऊन बघा, जीव निवाला!

(सगळे एका रांगेत येऊन नमस्कार करतात.)

ही संहिता एका तालमीत का बसते?

नाटिका सात-आठ मिनिटांची आहे. मुलाचे वाक्य सहसा सात-आठ शब्दांच्या आतच संपते. जरा लांब आहेत ती एक-दोनच. पण खरी सोय वाक्यांच्या लांबीत नाही. प्रत्येक वाक्याच्या आधी डोळ्यांना दिसणारे काहीतरी घडते, त्यात आहे. आठ वर्षांचे मूल स्वतःचे वाक्य पाठ करते, पण ते कोणाच्या वाक्यानंतर येते हे विसरते. त्यामुळे समोरचा श्वास घ्यायला थांबला की ते मध्येच आपले वाक्य बोलून मोकळे होते. इथे मुलाला वाक्यांचा क्रम लक्षात ठेवावा लागत नाही. आजोबांनी तोंड वाकडे केले की ‘काय झालं?’ म्हणायचे, बाईंनी कळशी उचलून दोन पावले टाकली की राघवने ‘थांबा’ म्हणायचे, एवढेच. तिन्ही गिऱ्हाइकांचा प्रसंगही मुद्दाम एकाच साच्यात आहे. पहिल्याचा बसला की उरलेले दोन आपोआप बसतात.

सूत्रधारांच्या हातात वही असते, त्यामुळे त्यांना काहीच पाठ करावे लागत नाही. चांगले वाचणारी, पण स्टेजवर बावरणारी दोन मुले या कामाला नेमकी योग्य.

आता बाईंचे काम मोठ्यांनी का करायचे ते. बाईंच्या संवादात जवळजवळ सगळे प्रश्न आहेत. मूल वाक्य विसरले तर पडद्याआडून कुजबुजून ते सांगण्याचा उपयोग होत नाही, मूल ‘अं?’ म्हणून मागे वळते आणि प्रेक्षक हसतात. पण रंगमंचावरच्या बाईंनी ‘राघव, तुला काही सांगायचंय का?’ किंवा ‘मग काय केलंस?’ असे विचारले तर मूल स्वतःच्या शब्दांत उत्तर देते आणि प्रेक्षकांना काही चुकल्याचे कळतही नाही. बाई येण्याआधी कोणी अडले, तर त्यांनी चार वाक्ये आधीच प्रवेश करावा. काही बिघडत नाही.

तालमीचे दोन तास

आदल्या दिवशी मुलांना संहिता पाठ करायला देऊ नये. पाठ करून आलेले मूल वाक्य एका सुरात म्हणते आणि दुसऱ्याचे वाक्य चुकले की तिथल्या तिथे त्याला दुरुस्त करते. तालमीच्या सुरुवातीची दहा मिनिटे सर्वांना गोल बसवून फक्त गोष्ट सांगावी. मग दहा मिनिटे सरबताचे गाणे टाळ्यांसह म्हणून घ्यावे. यात घुमा मुलगाही तोंड उघडतो.

त्यानंतर पात्रे वाटावीत. इथे एक काळजी घ्यायला हवी. वर्गात किंवा सोसायटीत ज्या मुलाला ‘हा थापाड्या’ असे नाव पडले आहे, त्याला राघव करू नये. त्याला धडा मिळेल असे मोठ्यांना वाटते. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांचा ‘मीठवाला’ होतो. राघव सर्वांना आवडणारा, आत्मविश्वासाचा मुलगा असावा, म्हणजे चांगल्या मुलाच्या हातूनही असे होते हे आपोआप दिसते. जुईलाही चटकन रडू येणारी मुलगी देऊ नये. खरेच रडू फुटले तर पुढचे अवघड होते. राघवची रोहिणी आणि जुईचा जय केला तरी चालते.

पुढची वीस मिनिटे एकही वाक्य न बोलता, फक्त हालचालींनी नाटक करावे. कोण कुठून येतो, पेला कोणाच्या हातात जातो, चमचा कुठे ठेवायचा. टेबलाची आणि प्रत्येकाची जागा खडूने जमिनीवर आखावी. ही मूक फेरी वेळ खाते असे वाटून बरेच जण ती गाळतात आणि मग कार्यक्रमात सगळी मुले टेबलासमोर घोळका करतात.

मग प्रसंगांना अर्धा तास द्यावा. त्यातला सर्वांत जास्त वेळ मनाच्या आवाजांना लागतो. कुजबुजायला सांगितले तर मुले इतकी हळू बोलतात की काही ऐकू येत नाही, आणि मोठ्याने म्हटले की किंचाळतात. तीन पायऱ्या ठरवून द्याव्यात. पहिली जोडी शेजाऱ्याशी बोलतो तशी, दुसरी हाक मारतो तशी, तिसरी सर्वांत जोरात आणि मग टाळी. टाळी वाजली की त्याच क्षणी गप्प व्हायचे, हा खेळ दोन-तीनदा खेळावा. नाटकातली सर्वांत महत्त्वाची शांतता त्या टाळीनंतरची आहे.

उरलेल्या वेळात मध्ये पाणी प्यायला सोडून दोन पूर्ण फेऱ्या कराव्यात आणि त्यात कोणालाही थांबवू नये. चुकले तरी पुढे जायची सवय इथेच लागते. दुसऱ्या फेरीला कोणा मोठ्याने शेवटच्या रांगेच्या जागी बसावे. वाक्याचा शेवटचा शब्द तिथे ऐकू आला नाही, तर मूल टेबलाकडे बघून बोलते आहे असे समजावे. त्याला ‘मोठ्याने बोल’ म्हटल्यास ते किंचाळते. त्यापेक्षा ‘त्या मागच्या काकांना सांग’ असे म्हणावे.

कार्यक्रमाच्या दिवशी

बहुतेक घोटाळे तीनच असतात. पहिला माइकचा. उभा माइक मधोमध असेल तर प्रत्येक मूल बोलण्यासाठी त्याच्याकडे धावते आणि दुकान ओस पडते. माइक सूत्रधारांपुढे ठेवावा; शंभरेक माणसांच्या हॉलमध्ये बाकीच्यांचे आवाज पोचतात. मैदानात किंवा मांडवात मात्र टेबलावर बुटका माइक हवाच.

दुसरा घोटाळा कपड्यांचा. आजोबांची मिशी, मावशीची नऊवारी आणि पोस्टमनची पिशवी मुलाने तालमीत एकदा तरी वापरलेली असावी. पहिल्यांदाच लावलेली मिशी नेमकी ‘थू थू’ करताना उडते. ते जमणार नसेल तर आजोबांना काठी आणि मावशीला ओढणी पुरते.

तिसरा घोटाळा म्हणजे प्रेक्षकांचे हसू. ‘हे सरबत आहे की समुद्र?’ यावर हशा पिकला की मावशी त्या हशातच बोलून जाते. हसू ओसरेपर्यंत तोंड वाकडेच ठेवायचे, असे तिन्ही गिऱ्हाइकांना सांगून ठेवावे. आणि एखादे मूल ऐनवेळी तापाने पडले तर पोस्टमन गाळता येतो, मनाचे आवाज कमी करता येतात. राघवचे काम मात्र समीरलाही माहीत असावे, म्हणून एका फेरीत दोघांची अदलाबदल करून घ्यावी.

नाटक झाल्यावर

पडदा पडल्यावर सूत्रसंचालकाने माइकवर ‘तर मुलांनो, यातून काय शिकलो?’ असे विचारण्याची प्रथा आहे. ती टाळावी. उत्तर सगळ्यांना पाठ असते. त्याऐवजी खाऊ वाटताना किंवा घरी जाताना एक साधा प्रश्न विचारावा : राघव आधी कधी बोलू शकला असता?

संहितेत त्याला तीन संधी आहेत. चमचा चाटल्यावर पहिली, जुईचे नाव आले तेव्हा दुसरी आणि बाईंनी कळशी उचलली तेव्हा तिसरी. पहिल्या संधीला बोलला असता तर फक्त सरबत बिघडल्याचे सांगावे लागले असते. दुसरीला आणि तिसरीला त्यात जुईचे रडणेही मिसळले. मुले यावर वाद घालतात. कोणी म्हणते, तेव्हा गिऱ्हाइके समोर होती, लाज वाटली असती. कोणी विचारते, बाई ओरडल्या असत्या तर? हा शेवटचा प्रश्न मुलांचा असला तरी त्याचे उत्तर मोठ्यांकडे असते. नाटकातल्या बाई ओरडल्या नाहीत, त्यांनी ‘किती चमचे?’ एवढेच विचारले. घरात दुधाचे पातेले उलटेल किंवा बाबांच्या चष्म्याची काडी मोडेल, त्या दिवशी मूल हेच बघत असते की आता आपल्याला कोणता प्रश्न विचारला जाणार आहे.